१३८ पानांच्या टेंडरमधून पात्रता, तारखा आणि दंड कसे वेचून काढायचे

माझा आतेभाऊ कळव्यात राहतो आणि ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात गटारं, पदपथ, कंपाउंड वॉल अशी लहान सिव्हिल कामं घेतो. त्याची टेंडरं वाचायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचायचो. चाळिसाव्या पानाला डोळे जड व्हायचे आणि नेमकी महत्त्वाची ओळ एकोणनव्वदाव्या पानावर निघायची. एकदा शुद्धिपत्रकात तारीख वाढवून दिली होती. ती पाहून आम्ही खूश झालो, पण त्याच शुद्धिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर शपथपत्राचा नमुना बदलला होता, तो आम्ही उघडलाच नाही. जुन्या नमुन्यातलं शपथपत्र लागलं आणि आमचा लिफाफा क्रमांक १, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, तिथेच बाद झाला. तीन आठवड्यांची मेहनत एका न उघडलेल्या पानावर गेली.

त्यानंतर जी पद्धत बसवली ती इथे एका टेंडरवर करून दाखवतो. काम आहे ठाण्यातल्या एका वस्तीत जुनं गटार तोडून आरसीसी गटार बांधायचं. अंदाजपत्रकीय रक्कम ६०,००,००० रुपये, मुदत ४ महिने पावसाळ्यासह, टेंडर बी-१ नमुन्याचं, म्हणजे टक्केवारी दराचं: अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त ते भरायचं. कार्यालयाचं नाव गाळलं आहे आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल केले आहेत. अटी मात्र अशा टेंडरमध्ये असतात तशाच आहेत.

सगळी पद्धत चार प्रश्नांवर उभी आहे: कशावर? कधीपासून? किती? जास्तीत जास्त किती? टेंडरमधली कुठलीही टक्केवारी आणि कुठलीही मुदत या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत अर्धीच असते. "१ टक्का" म्हणजे कशाचा एक टक्का? "१२० दिवस" म्हणजे कुठल्या दिवसापासून? गोंधळ, बाद होणं आणि नुकसान यातलं बहुतेक याच दोन ठिकाणी घडतं.

आधी कागद पूर्ण आहेत का ते बघा

राज्य सरकारच्या mahatenders.gov.in या पोर्टलवर टेंडर उघडलं की वर छोटी निविदा सूचना दिसते. वर्तमानपत्रात येते तीच, दोन-तीन पानांची. खरं टेंडर खाली Work Item Documents मध्ये असतं, तिथून पूर्ण झिप उतरवून घ्या. त्यात सविस्तर निविदा सूचना, बी-१ चा छापील करार, विशेष अटी, नकाशे आणि दराची एक्सेल फाइल असं सगळं येतं. Corrigendum चा, म्हणजे शुद्धिपत्रकांचा, भाग तेव्हाच बघा, आणि टेंडर भरायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. आमच्याकडून चूक झाली ती इथेच, म्हणून आता शुद्धिपत्रक आलं की त्याचं प्रत्येक पान उघडायचं आणि "काय बदललं" ते आमच्या कागदावर लाल पेनाने लिहायचं असा नियम आहे.

मग पीडीएफमध्ये शोध चालतो का ते तपासा. मराठी टेंडरमध्ये ही मोठी अडचण आहे. "दंड" टाइप करून शोधलं आणि शून्य निकाल आले, म्हणजे दंड नाही असं समजू नका. बरीच कार्यालयं अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर तयार करतात. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. ओळखायची खूण सोपी आहे. एक शब्द कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर शोध चालेल. भलतीच अक्षरं उमटली तर मराठी शोध विसरा. काहीच कॉपी होत नसेल तर ती पानं स्कॅन केलेली आहेत. या दोन्ही प्रकारची पानं छापून घ्या आणि पेन हातात घेऊन वाचा. एवढ्या पानांची झेरॉक्स महाग वाटते, पण बाद झालेल्या टेंडरइतकी महाग नाही.

करार आणि विशेष अटी बहुधा इंग्रजीत असतात आणि तिथे शोध चालतो. मी हे शब्द एकेक करून टाकतो:

```
per day
compensation
penalty
forfeit
recover
risk and cost
within
not less than
blacklist
```

यातला within सगळ्यात कामाचा. कंत्राटदाराने किती दिवसांत काय करायचं, ती जवळजवळ प्रत्येक मुदत याच शब्दाला लटकलेली असते.

प्रत्येक सापडलेली अट एका कागदावर उतरवा: अट जशीच्या तशी, पान क्रमांक, चार प्रश्नांची उत्तरं, आणि शेवटी आपल्याकडे तिचा पुरावा आहे का. स्वतःच्या शब्दांत अट लिहायचा मोह टाळा. "किमान एक काम पूर्ण" आणि "किमान एक काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचा दाखला" यात फरक आहे, आणि तो फरक कपाटातल्या एका कागदाचा आहे.

पात्रता: आपण बसतो का?

पात्रतेचं पान उघडलं की आधी सोप्या गोष्टी उरकून घ्या: नोंदणीचा वर्ग, जीएसटी, पॅन, भविष्य निर्वाह निधीची नोंदणी. त्यांत बघायची गोष्ट एकच, नोंदणी कुठल्या दिवशी वैध असायला हवी. बहुतेक ठिकाणी टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी लागते. नूतनीकरणाचा अर्ज दिल्याची पावती चालेल असं लिहिलेलं नसेल तर ती चालत नाही असंच धरा. उद्यम नोंदणी आहे म्हणून ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम, माफ असंही धरू नका. अशी माफी देणारं केंद्राचं लघुउद्योगांसाठीचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कामाला ते आपोआप लागू होत नाही. माफी हवी तर ती याच टेंडरमध्ये लिहिलेली दिसायला हवी.

खरा वेळ तीन अटींवर घालवायचा: समान स्वरूपाचं काम, वार्षिक उलाढाल आणि निविदा क्षमता.

आमच्या टेंडरमध्ये समान कामाची अट अशी होती: निविदा मागवलेल्या महिन्याच्या आधीच्या महिनाअखेरीस संपणाऱ्या ७ वर्षांत अंदाजपत्रकाच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक काम पूर्ण केलेलं असावं. आधी रुपये काढा: २४ लाखांची तीन, ३० लाखांची दोन किंवा ४८ लाखांचं एक.

भावाकडे तीन कामं होती. पहिलं नवी मुंबईतल्या आरसीसी गटाराचं, जीएसटी सोडून ३३ लाखांचं, कार्यकारी अभियंत्यांच्या दाखल्यासह. दुसरं ५२ लाखांचं, गटारासकट रस्त्याचं, पण ते अजून चालू होतं. तिसरं एका गृहनिर्माण सोसायटीचं आतलं गटार, ३१ लाखांचं, दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं.

दुसरं काम नव्वद टक्के झालं होतं आणि भावाला ते हमखास धरायचं होतं. पण अटीत "पूर्ण केलेलं" असा शब्द होता. नव्वद टक्के म्हणजे पूर्ण नाही, म्हणून ते बाजूला ठेवलं. उरली दोन कामं, म्हणजे ५० टक्क्यांचा पर्याय. ३३ लाखांचं बसलं. ३१ लाखांचंही वरवर बसत होतं, पण तिथे पहिला प्रश्न विचारला: ३१ लाख कशावर? सोसायटीने दिलेल्या दाखल्यातली रक्कम १८ टक्के जीएसटीसकट होती. टेंडरची अंदाजपत्रकीय रक्कम मात्र जीएसटी सोडून होती. ३१ ला १.१८ ने भागलं की २६.२७ लाख उरतात, म्हणजे ३० च्या खाली. इथे आम्ही जवळजवळ फाइल मिटवली होती.

मग ४१व्या पानावर एक छोटा तक्ता सापडला. मागच्या कामांच्या किमती आजच्या पातळीवर आणण्यासाठी वर्षाला १० टक्के वाढ धरायची, एक वर्ष जुन्या कामाला १.१० आणि दोन वर्षं जुन्या कामाला १.२१ ने गुणायचं. २६.२७ गुणिले १.२१ म्हणजे ३१.७९ लाख. बसलो. पात्रतेचं कलम २३व्या पानावर आणि तक्ता ४१व्या पानावर, दोघांमध्ये एकमेकांचा उल्लेखही नाही. म्हणून पात्रतेच्या कलमावर थांबून निकाल लावू नका. झिपमधले सगळे तक्ते आणि नमुने चाळल्याशिवाय "बसत नाही" असं लिहू नका.

खासगी काम असल्यामुळे आणखी एक अट होती. खासगी कामाचा अनुभव टीडीएसच्या दाखल्यासह असेल तरच धरला जाईल. सोसायटीने टीडीएस कापला होता आणि भावाच्या आयकराच्या २६एएस विवरणात तो दिसत होता, म्हणून जमलं. रोखीने घेतलेलं खासगी काम कितीही मोठं असलं तरी इथे उपयोगी पडत नाही.

उलाढालीची अट सोपी होती: मागच्या तीन आर्थिक वर्षांची सरासरी, अंदाजपत्रकाच्या किमान ३० टक्के, म्हणजे १८ लाख. भावाची वर्षं होती ७८, ८४ आणि ९६ लाख, सरासरी ८६. लक्षात घ्यायचं एवढंच की इथे वर्षं ३१ मार्चला संपणारी मोजायची आणि समान कामाची सात वर्षं मागच्या महिनाअखेरीस संपणारी. एकाच पानावर दोन वेगळी घड्याळं. सीएचा दाखला घेताना त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा ओळख क्रमांक, आहे ना ते बघून घ्या.

निविदा क्षमता, जिथे लहान माणूस पडतो

या अटीकडे फार कमी लोक नीट बघतात. सूत्र असं असतं:

```
Bid Capacity = (A × N × 2) − B
```

A म्हणजे मागच्या पाच वर्षांतली एका वर्षातली सगळ्यात जास्त केलेल्या कामांची रक्कम. N म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. B म्हणजे हातातल्या चालू कामांपैकी त्याच मुदतीत पूर्ण करायच्या भागाची रक्कम. काही टेंडरमध्ये २ च्या जागी १.५ असतं, ते आधी बघून घ्या. येणारा आकडा अंदाजपत्रकीय रकमेएवढा किंवा जास्त हवा.

भावाचा A ९६ लाख, मागच्याच वर्षाचा. B काढताना त्याने आधी सगळ्या चालू कामांची पूर्ण रक्कम लिहिली होती. तसं करायचं नसतं, फक्त उरलेलं आणि फक्त या चार महिन्यांत होणारं काम धरायचं. रस्त्याच्या कामातले उरलेले ५ लाख आणि दुसऱ्या एका कामातले ९ लाख, मिळून B १४ लाख.

आता N. चार महिने म्हणजे ४/१२ वर्ष. ९६ गुणिले ४/१२ गुणिले २, बरोबर ६४ लाख. त्यातून १४ वजा, राहिले ५० लाख. टेंडर ६० लाखांचं. अपात्र.

वर्षाला ९६ लाखांचं काम करणारा माणूस ६० लाखांच्या कामाला अपात्र ठरतो, कारण मुदत छोटी आहे. मुदत जितकी कमी तितका N लहान. पण त्याच सूत्राखाली बारीक अक्षरांत एक टीप होती: सहा महिन्यांपर्यंतची मुदत अर्धं वर्ष धरावी. मग ९६ गुणिले ०.५ गुणिले २ म्हणजे ९६, त्यातून १४ वजा, ८२ लाख. पात्र. एका टीपेने निकाल उलटा झाला. ही टीप प्रत्येक टेंडरमध्ये नसते, म्हणून N कसा मोजायचा ते लिहिलेलं वाक्य सापडेपर्यंत थांबायचं नाही. ते सापडलंच नाही तर लेखी विचारायचं.

विचारताना मोघम विचारू नका. "क्षमतेबाबत खुलासा करावा" असं लिहिलं की "निविदेतील अटीप्रमाणे" असं उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. आम्ही एकदा असं लिहिलं होतं: "सविस्तर निविदा सूचना, पान २६, निविदा क्षमतेच्या सूत्रातील N. कामाची मुदत ४ महिने असल्याने N ची किंमत ०.३३ धरावी की ०.५०, कृपया आकड्यात कळवावे." अशा प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं. आणि मिळालेलं उत्तर शुद्धिपत्रकात किंवा निविदापूर्व बैठकीच्या इतिवृत्तात आलं तरच धरा. टेबलावर कुणी तोंडी सांगितलेलं लिफाफा उघडताना कुणाला आठवत नाही.

तारखा: पोर्टलवरच्या आणि पोटातल्या

पोर्टलवरच्या तारखा सगळे बघतात. आमच्या टेंडरमध्ये Clarification End Date ११ फेब्रुवारी होती, Bid Submission End Date २० फेब्रुवारी दुपारी ३, आणि Bid Opening Date २३ फेब्रुवारी. घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरचं, आपल्या भिंतीवरचं नाही. ईएमडी एनईएफटीने भरणार असाल तर पैसे पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, म्हणून निदान दोन दिवस आधी भरा. सगळं अपलोड करून Freeze Bid दाबलं नाही तर टेंडर गेलेलं नसतं. पावती हातात येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. आणखी एक, भरलेली निविदा मुदतीआधी सुधारून पुन्हा पाठवता येते. पण एकदा मागे घेतली की त्या टेंडरमध्ये पुन्हा येता येत नाही. बदल करायचा असेल तर मागे घ्यायच्या बटणाकडे जाऊ नका.

पण लहान कंत्राटदाराला बुडवतात त्या तारखा पोर्टलवर नसतात. त्या पोटात असतात आणि आपणच मोजून काढायच्या असतात.

आमच्या टेंडरमध्ये निविदा वैधता १२० दिवस होती, भरायच्या शेवटच्या दिवसापासून. २० फेब्रुवारीपासून १२० दिवस मोजले की २० जून येतो. याचा अर्थ असा की २० जूनपर्यंत कार्यालय कधीही स्वीकारपत्र देऊ शकतं आणि आपण दिलेल्या दरालाच काम करावं लागतं. मधे सिमेंट-सळई महागली म्हणून माघार घेतली तर ईएमडी जप्त.

आता याच्या शेजारी मुदतीची ओळ ठेवा: ४ महिने, पावसाळ्यासह, कार्यादेशाच्या तारखेपासून. समजा कार्यादेश १ जूनला मिळाला. १२० दिवस २८ सप्टेंबरला संपतात, म्हणजे सगळी मुदत पावसात. आपल्याकडे पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी मिळणं कठीण. कळवा-खारेगावकडच्या सखल भागात तर भरतीच्या वेळी खाडीचं पाणी गटारातून उलटं येतं, तिथे काँक्रीट टाकायला पंप लावून बसावं लागतं. "पावसाळ्यासह" हा एक शब्द आहे, पण तो वैधतेच्या तारखेशेजारी ठेवून वाचला तरच त्याची किंमत कळते. "पावसाळा वगळून" असं लिहिलेलं असतं तर हेच काम पूर्ण वेगळं झालं असतं.

स्वीकारपत्रानंतरच्या मुदती within शोधून मिळतात. या टेंडरमध्ये स्वीकारपत्रापासून ७ दिवसांत अनामत भरून करारावर सही करायची होती, नाहीतर ईएमडी जप्त. आणि बी-१ च्या कलम ६ मध्ये मुदतवाढीची घडी आहे: अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मुदत संपण्याआधी, यांपैकी जे आधी येईल त्याच्या आत, लेखी अर्ज. बहुतेक जण मुदत संपत आल्यावर अर्ज करतात. ५ जूनला खोदाईची परवानगी नाकारली गेली असेल तर अर्ज ५ जुलैच्या आत गेला पाहिजे, सप्टेंबरमध्ये लिहिलेला अर्ज उशिराचा ठरतो. परवानगी नाकारल्याचं पत्र सोबत जोडा, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

दंड: "दंड" असं शीर्षक कुठेच नसतं

बी-१ करारात विलंबाला दंड म्हणत नाहीत, नुकसानभरपाई म्हणतात, आणि ती कलम २ मध्ये असते. तिला चार प्रश्न लावू.

किती? दिवसाला १ टक्का, किंवा सक्षम अधिकारी ठरवतील तेवढी कमी रक्कम. कशावर? संपूर्ण कामाच्या अंदाजपत्रकीय रकमेवर. उरलेल्या कामावर नाही आणि आपण भरलेल्या रकमेवरही नाही. ६० लाखांचा एक टक्का ६०,००० रुपये, दिवसाला. जास्तीत जास्त? अंदाजपत्रकाच्या १० टक्के, म्हणजे ६ लाख. पूर्ण दराने लावलं तर दहा दिवसांत कमाल मर्यादा गाठली जाते. अधिकारी कमी लावू शकतात, हे खरं. पण दर ठरवताना हिशेब कमाल आकड्यावरच करायचा, कारण कमी करणं आपल्या हातात नाही.

कधीपासून? इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. शेवटच्या तारखेपासून असं सगळे धरून चालतात. पण एक महिन्यापेक्षा जास्त मुदतीच्या कामाला कलम २ सांगतं की पाव मुदतीत पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धं आणि पाऊण मुदतीत पाऊण काम झालेलं हवं. ते नसेल तर तेव्हापासूनच भरपाई लागू शकते. कार्यादेश १ जूनचा असेल तर ३० जूनला १५ लाखांचं काम, ३० जुलैला ३० लाखांचं आणि २९ ऑगस्टला ४५ लाखांचं काम झालेलं दिसलं पाहिजे. खोदाईच सुरू झाली नसेल तर पहिली चूक ३० जूनलाच होते, सप्टेंबरची वाट बघायची गरज पडत नाही.

आता हे आपल्या दराशी जोडा. भावाचा विचार १८ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढं खाली, भरायचा होता, म्हणजे काम ४९.२० लाखांत. त्यात ८ टक्के सुटतील असा त्याचा अंदाज, म्हणजे साधारण ३.९४ लाख. भरपाई मात्र ६० लाखांवर लागते. दिवसाला ६०,००० धरले तर सातव्या दिवशी सगळा नफा गेला आणि दहाव्या दिवशी खिशातले दोन लाख गेले. कमाल ६ लाख म्हणजे त्याच्या रकमेच्या १२ टक्क्यांहून जास्त. जितकं खाली भराल तितकी ही टक्केवारी तुमच्या दृष्टीने वाढत जाते, कारण पाया हलत नाही.

बिलो भरण्याची दुसरी किंमत अतिरिक्त अनामतीच्या कलमात होती. तिला दंड म्हणता येणार नाही, पण पैसा तसाच अडकतो. या टेंडरमध्ये १० टक्क्यांपर्यंत बिलोला अंदाजपत्रकाच्या १ टक्का, १० ते १५ च्या मधल्या प्रत्येक टक्क्याला आणखी १ टक्का आणि १५ च्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला २ टक्के असं होतं. १८ टक्के बिलोचा हिशेब: १ अधिक ५ अधिक ६, एकूण १२ टक्के, म्हणजे ७.२० लाख. त्यात नेहमीच्या ४ टक्के अनामतीपैकी करारावेळी भरायचे २ टक्के, १.२० लाख. काम सुरू व्हायच्या आधी ८.४० लाख अडकले. ही अतिरिक्त अनामत कधी द्यायची तेही शोधा. कुठे ती दराच्या लिफाफ्यासोबतच मागतात, कुठे सर्वात कमी दर ठरल्यावर काही दिवसांत. लिफाफ्यासोबत मागितली असेल आणि नसेल तर दर उघडूनही बाद.

मग विशेष अटी. तिथे छोटे छोटे दंड विखुरलेले होते: साइटवर अभियंता नसल्यास दिवसाला १,००० रुपये, बॅरिकेड किंवा रात्रीचे दिवे नसल्यास दर वेळेला २,०००, राडारोडा रस्त्यावर सोडल्यास दर वेळेला ५,०००. आकडे लहान वाटतात म्हणून कुणी जमा करत नाही. पण चौथा प्रश्न लावला की वेगळंच दिसतं. कलम २ मधली १० टक्क्यांची मर्यादा "या कलमाखालच्या" भरपाईला आहे, असं कलमातच लिहिलेलं असतं. विशेष अटींतल्या दंडांना ती मर्यादा लागत नाही आणि या टेंडरमध्ये त्यांना दुसरी कुठली मर्यादाही नव्हती. १२० दिवस पात्र अभियंता ठेवला नाही तर तो एकच दंड १.२० लाख होतो. त्यापेक्षा डिप्लोमा झालेल्या मुलाचा चार महिन्यांचा पगार आधीच दरात धरावा.

शेवटचे दोन शब्द, risk and cost आणि दोषदायित्व. कलम ३ प्रमाणे काम अर्धवट राहिलं तर करार रद्द करून उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं आणि जास्तीचा खर्च आपल्याकडून वसूल होतो. याला आधी ठरलेला आकडा नसतो, म्हणून माझ्या कागदावर "कमाल" च्या रकान्यात मी तिथे "मर्यादा नाही" असं मोठ्या अक्षरात लिहितो. दोषदायित्व म्हणजे काम झाल्यावर ठरलेल्या मुदतीत निघालेले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करणं. त्यात मुदत कधी सुरू होते ते बघा: काम संपल्यापासून की पूर्णत्वाच्या दाखल्यापासून. दाखला उशिरा मिळाला तर अनामतही तितकीच उशिरा सुटते.

मग काय ठरलं

सगळं मिळून आमचा कागद दोन पानांचा झाला. पात्रतेसमोर "बसतो, सोसायटीच्या कामाच्या आधारावर, पान २३ आणि ४१ एकत्र वाचून". N समोर "टीप पान २६, ०.५". या दोन ठिकाणी आमचा अर्थ चुकीचा निघू नये म्हणून ११ फेब्रुवारीच्या आधी दोन्ही प्रश्न लेखी टाकले. तिसरा प्रश्न मुदतीबद्दल होता: "कार्यादेश मे महिन्यात अथवा नंतर दिल्यास व खोदाई परवानगी न मिळाल्यास तो कालावधी मुदतीत मोजला जाईल काय?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शुद्धिपत्रकात आमच्या बाजूने आली. तिसऱ्याचं उत्तर "निविदेतील अटीप्रमाणे" असं आलं, म्हणजे मोजला जाईल.

ते उत्तर वाचून भावाने १८ टक्क्यांचा विचार सोडला. पावसात पंप, पाणी उपसणं, उशिराचे निदान चार दिवस, साइटवरच्या अभियंत्याचा पगार हे सगळं धरून त्याने ५ टक्के बिलो भरलं. अतिरिक्त अनामत ७.२० लाखांवरून ६०,००० रुपयांवर आली. २० फेब्रुवारीला सकाळी त्याने आधी Corrigendum उघडून बघितलं, नवीन काही नव्हतं, आणि मग Freeze Bid दाबलं. कागदाची एक प्रत त्याने साइटच्या फाइलला लावून ठेवली. त्यात ३०, ६० आणि ९० व्या दिवसासमोरच्या तारखा रिकाम्या आहेत, कार्यादेश हातात आला की त्याच दिवशी भरायच्या.